हळदीच्या रात्रीची ड्युटी

काल्हेरच्या गोदामात मी ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर एका कोपऱ्यात काचेची खोली आहे, तिच्यात एक एसी आहे, आणि त्या एसीची हवा खायला बाहेरचा प्रत्येक माणूस काही ना काही विचारायच्या निमित्ताने आत येतो. ट्रकचे ड्रायव्हर येतात, लोडर येतात, सुपरवायझर तर येतातच. त्या खोलीत बसून मी जी कामं करते त्यातलं सगळ्यात भांडणाचं काम म्हणजे महिन्याचा ड्युटी चार्ट.

चार्ट एक्सेलमध्ये असतो. डावीकडे माणसांची नावं, वर तारखा, आणि मधल्या प्रत्येक सेलमध्ये एक अक्षर: डे असेल तर डी, नाईट असेल तर एन, सुट्टी असेल तर ओ, आणि रजा असेल तर एल. खाली त्या तारखेला नाईटला किती माणसं आहेत याची बेरीज आपोआप येते, कारण मी तिथे सूत्र टाकून ठेवलं आहे. मी चार्ट बनवते, सुपरवायझर त्यात माणसांच्या अदलाबदली भरतो, मग तो ठाण्याच्या ऑफिसात जातो, तिथले साहेब तो पक्का करून परत पाठवतात. तीन हात लागतात, आणि चौथा हात लागायची वेळ आली की सगळे माझ्याकडे येतात.

आमच्याकडे दोन सुपरवायझर आहेत. दोघे एकाच गावचे, एकाच घराण्यातले, चुलतभाऊ. मोठ्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. पन्नाशीचा गडी, आवाज असा की गोदामाच्या एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाचा ट्रक रिव्हर्स घेतो. धाकटा मात्र कमी बोलतो. आणि दोघे एकमेकांशी तर अजिबात बोलत नव्हते, दोन वर्षं. कारण विचाराल तर जमीन नाही, घर नाही, वाटणी नाही. गावच्या क्रिकेटच्या सामन्यात दादा रनआउट झाला होता आणि अंपायर होता धाकटा. दादाच्या मते बॅट आत होती. धाकट्याच्या मते बॅट आत होती, पण नंतर. एवढ्यावर दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं. शिफ्ट बदलताना चाव्या द्यायच्या तरी ते माझ्या टेबलावर ठेवायचे, एकाने ठेवायच्या आणि दुसऱ्याने उचलायच्या. मी मधे टेबल.

गेल्या हंगामात दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. आता आमच्याकडे आगरी घरात लग्न हे लग्नाच्या दिवशी असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा हळदीला येऊन बघावं. लग्न म्हणजे दुसऱ्या दिवशी उरकायचं काम. खरा सोहळा हळदीचा. मांडव, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका, गावभर मटणाचा वास, आणि नाचायला असा प्रत्येक जण ज्याचे गुडघे अजून शाबूत आहेत. मुलीचा बाप हळदीला नसणं म्हणजे काय, हे मी लिहून सांगू शकत नाही. तसं आमच्या भागात कधी झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दादाने रजा दोन महिने आधी मागितली होती. हळद ज्या तारखेला होती त्या आठवड्यात त्याची नाईट येत होती, म्हणून मी त्याच्या सेलमध्ये स्वतः एल लिहिलं आणि एक जुना लोडर त्या रात्री इनचार्ज म्हणून लावला. अदलाबदली भरायची पाळी त्या महिन्यात धाकट्याची होती. त्याने भरल्या, फाइल ठाण्याला गेली, आणि पक्की होऊन परत आली. मी ती छापून भिंतीवर लावली.

पाच मिनिटांत दादा काचेच्या खोलीत. एसी खायला नाही. त्याच्या ओळीत हळदीच्या तारखेखाली एन लिहिलेलं होतं.

तो ओरडला नाही, हेच मला जड गेलं. खुर्चीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हलद माझे पोरीची हाय, न मी गोदामान ट्रक मोजू?"

मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल. तो म्हणाला, चूक नाही, त्यानेच केलं. त्याने म्हणजे कोणी हे सांगायची गरज नव्हती. बॅटचा सूड चार्टवर काढला, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. आणि तो गावात जाऊन चार माणसांसमोर हे सांगणार होता. मी त्याला थांबवलं. सांगितलं तर ते परत घेता येणार नाही, आणि लग्नघरात दोन चुलतभावांची जाहीर मारामारी झाली तर मुलीला काय वाटेल? मी म्हटलं, आधी बघू दे काय बदललंय ते. माझी फाइल माझ्याकडे आहे, आलेली फाइलही आहे. दोन्ही शेजारी ठेवू.

एक्सेलमध्ये दोन फाइलींची तुलना करायची सोय आतच असते, पण ती शहाण्या सुनेसारखी न बोलावता समोर येत नाही. ऑप्शन्समध्ये जाऊन ॲड-इन्समधून इन्क्वायर चालू करावं लागतं, मग वरच्या पट्टीत त्या नावाचा टॅब उगवतो. मी तो कधीच चालू करून ठेवला होता. कारण माझा चार्ट माझ्यामागे कोण बिघडवतो हे शोधण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे.

पहिलीच अडचण अशी की दोन्ही फाइलींचं नाव एकच: ड्युटी चार्ट फायनल. एकाच नावाच्या दोन फाइली एक्सेल एका वेळी उघडत नाही. आणि तुलना करायची तर दोन्ही उघड्या हव्यात. म्हणून मी माझ्या फाइलीची एक प्रत केली, नावात 'जुना' जोडलं, दोन्ही उघडल्या आणि कम्पेअर फाइल्सवर क्लिक केलं. आधी जुनी, मग नवी. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

खिडकी उघडली. डावीकडे जुना चार्ट, उजवीकडे नवा. आणि वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं. बदललेला सेल तो रंगवून दाखवतो, आणि इथे न बदललेला सेल शोधावा लागत होता. भातशेती बरी.

दादा म्हणाला, "बगा. सगलाच बदललान त्यानं." त्याच्या आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं, हे मी तेव्हाही टिपलं आणि आताही लिहिते.

पण एवढं सगळं कोणी बदलत नाही. अख्खा चार्ट नवीन लिहायचा तर धाकट्याला चार दिवस लागले असते, आणि तो एका बोटाने टाइप करतो. मी नवी फाइल नीट पाहिली आणि हसू आवरेना. नावांचा क्रमच वेगळा होता. माझ्या चार्टमध्ये माणसं कोड नंबरप्रमाणे असतात. धाकट्याने ती गाडीप्रमाणे लावली होती: आधी खारबावकडून येणारी गाडी, मग वज्रेश्वरीच्या बाजूची, मग काल्हेरातच राहणारे. ड्रायव्हरला वाचायला सोपं जावं म्हणून. मनाने चांगलं काम, पण मशीनला गाड्या कळत नाहीत. ते एका फाइलीतली ओळ दुसऱ्या फाइलीतल्या तिच्या जागेवरच्या ओळीशी ताडून बघतं. तिथे दुसऱ्याच माणसाचं नाव आलं की नाव वेगळं, ड्युट्या वेगळ्या, सगळं हिरवं. शिवाय त्याने सुट्टीचे सेल पिवळे केले होते, त्याचेही फरक यादीत आले होते.

मी नव्या चार्टची प्रत घेतली, नावं पुन्हा कोड नंबरप्रमाणे लावली, सेव्ह केली आणि पुन्हा तुलना केली. या वेळी खालच्या कोपऱ्यातल्या यादीतून रंगरंगोटीच्या फरकांची खूण काढून टाकली. पिवळ्याशी मला देणंघेणं नव्हतं.

हिरवळ ओसरली. किरकोळ अदलाबदली इथे-तिथे दिसत होत्या, त्या दर महिन्याला असतात. पण एक उभा पट्टा मात्र गच्च भरलेला होता. तो हळदीच्या तारखेचा. खालच्या भागात प्रत्येक बदल ओळीने लिहिलेला येतो: कुठला सेल, आधी काय होतं, आता काय आहे. मी वाचत गेले. नाईटचा लोडर, आधी एन, आता ओ. दुसरा लोडर, आधी एन, आता ओ. तिसरा, चौथा, तसंच. जो इनचार्ज लावला होता तो, आधी एन, आता ओ. नाईटची अख्खी टोळी त्या रात्री सुट्टीवर. खाली बेरजेचा सेल वेगळ्या रंगात होता, कारण तो हाताने भरलेला नव्हता, सूत्रातून आलेला होता. आणि सगळ्यात शेवटी दादाचा सेल. आधी एल, आता एन.

मी दादाकडे बघितलं. म्हटलं, दादा, या सगळ्यांना त्या दिवशी कुठे जायचंय?

 त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला कळलं आहे. गेले दोन आठवडे तो गोदामात फिरून प्रत्येकाच्या हातात पत्रिका देत होता. यायलाच पाहिजे, नाही आलास तर बोलणार नाही, बायकापोरांना घेऊन ये. बिहारच्या, यूपीच्या पोरांनाही हिंदीत दमदाटी करून आमंत्रण. आणि आमच्या पोरांनी दादाचा शब्द मोडायचा नाही म्हणून एकेकाने धाकट्याकडे जाऊन सुट्टी मागितली होती. धाकट्याने मागेल त्याला ओ लिहून दिला. बेरजेकडे बघितलंच नाही. ठाण्याच्या साहेबांनी मात्र बघितली. नाईट रिकामी दिसली, तसा त्यांनी त्या आठवड्याचा नाईटचा सुपरवायझर कोण ते पाहिलं आणि त्याला उभा केला. मी फोन करून विचारलं तर त्यांनी हेच सांगितलं. गोदाम बंद ठेवता येत नाही, माणसं कमी असतील तर निदान सुपरवायझर तरी हवा. कशाची रजा आहे हे सेलमध्ये लिहिलेलं नसतं. नवा चार्ट करून पाठवा, माणसं पुरी असतील तर मी सही करतो, असं म्हणाले.

म्हणजे सारं काल्हेर हळदीला जाणार होतं आणि एकटा मुलीचा बाप गोदामात. आणि हे त्याने स्वतःच्या जिभेनेच करून ठेवलं होतं. मला फार हसायला येत होतं, पण त्याचं तोंड बघून मी पाणी प्यायले.

त्यानंतरचे दोन दिवस दादाने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तो पुन्हा प्रत्येकाकडे गेला आणि येऊ नकोस म्हणून सांगू लागला. ज्या तोंडाने दम दिला त्याच तोंडाने गयावया केली. पोरं बेरकी. कोणी म्हणे, दादा, तुम्हीच म्हणालात बोलणार नाही. कोणी म्हणे, बायकोने साडी घेतली आहे. शेवटी अर्धी पोरं हळदीला लवकर जेवून ड्युटीवर येतील आणि अर्धी दुसऱ्या दिवशी लग्नाला जातील, असं ठरलं. लोडर मिळाले. पण सुपरवायझरचा प्रश्न तसाच. इनचार्ज लावलेला जुना लोडर म्हणाला, मी धवले म्हणणाऱ्या बायकांना आणायच्या गाडीवर आहे, मला सोडा. तेही दादानेच दिलेलं काम.

नवा चार्ट भरायचं काम पुन्हा धाकट्यावरच आलं, कारण महिना त्याचा होता. दादा म्हणाला, तो मला काय सोडतोय. मी म्हटलं बघू. संध्याकाळी धाकट्याने फाइल सेव्ह करून माझ्या टेबलावर हात ठेवून "झाला ताई" एवढंच म्हटलं आणि गेला.

सकाळी मी पाठवण्याआधी सवयीने तुलना केली. ठाण्याहून आलेली फाइल एका बाजूला, त्याने भरलेली दुसऱ्या बाजूला. क्रम त्याने या वेळी बदलला नव्हता. पोरांचे ओ पुन्हा एन झालेले दिसले. दादाचा एन पुन्हा एल. आणि एक सेल असा की ज्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. धाकट्याची स्वतःची ओळ, हळदीची तारीख. आधी डी, आता एन.

तुलनेची ही सोय काय बदललं ते सांगते. कोणी बदललं आणि का, ते सांगत नाही. पण इथे विचारायची गरज नव्हती. ज्या घरातून त्याला हळदीचं बोलावणंही आलेलं नव्हतं, त्या घरासाठी तो त्या रात्री गोदामात बसणार होता. तरी मी त्याला विचारलंच. मला ऐकायचं होतं.

तो चाव्या उचलत म्हणाला, "त्या दिवशी तो आउट होता, हे मी आजपन सांगतो. पन पोर माझीपन हाय."

दादा आला तेव्हा मी काही सांगितलं नाही. खिडकी तशीच उघडी ठेवली, त्याला खुर्चीत बसवलं आणि चहा आणते म्हणून बाहेर गेले. चहा खरंच आणला, पण जरा लांबच्या टपरीवरून. परत आले तेव्हा तो गेलेला होता. खुर्ची माझ्या टेबलापासून लांब सरकवलेली आणि कीबोर्ड वाकडा.

मला संशय आला. मी धाकट्याची फाइल सकाळीच काढून ठेवलेल्या तिच्या प्रतीशी ताडून बघितली. या वेळी अख्ख्या चार्टमध्ये हाताने बदललेला एकच सेल होता. धाकट्याची ओळ, हळदीची तारीख. आधी काय होतं: एन. आता काय आहे: एन, आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांत 'हलद सात वाजता लावताव, तू ये'.

दोन वर्षं जो माणूस भावाशी बोलला नाही त्याने पत्रिका चार्टच्या सेलमध्ये दिली होती. आमच्या भागात हळद सात वाजता लावत नाहीत. पाहुणे यायलाच नऊ होतात. पण नाईट दहाला सुरू होते आणि काल्हेरला यायला वेळ लागतो, हे दादाला माहीत होतं. मला भरून आलं, आणि लगेच खालच्या बेरजेवर नजर गेली. ती एकाने कमी झाली होती. माझं सूत्र नुसते एन मोजतं, एन आणि पुढे आमंत्रण असं असेल तर मोजत नाही. ही फाइल तशीच ठाण्याला गेली असती तर साहेबांनी पुन्हा एक माणूस कमी बघून दादालाच उभा केला असता. मी सेलमध्ये नुसता एन ठेवला, आमंत्रण शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात हलवलं, बेरीज जुळली, आणि फाइल पाठवली. साहेबांनी सही केली. शेऱ्याबद्दल विचारलं नाही, पण पक्क्या चार्टमधून तो काढलाही नाही. मी तो तसाच छापून भिंतीवर लावला.

धाकटा त्या कागदापुढे बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला की त्या दिवशी मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरून ठेवायला हवं.

हळदीला मीही गेले होते. सात वाजता मांडवात सुतार अजून खिळे ठोकत होता आणि धवले म्हणणाऱ्या बायका गाडीतून उतरत होत्या, पण मुलगी पाटावर बसलेली होती. धाकटा बायकोला घेऊन आला, मुलीच्या गालाला, हातांना, पायांना हळद लावली. मुलीने त्याचे हात धरून ठेवले. दादा तेव्हा मटणाच्या टोपाकडे काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता. मग धाकटा न जेवताच निघाला.

सकाळी मी ऑफिसात आले तर धाकटा नाईट संपवून माझ्याच खुर्चीत बसलेला. कपाळावर हळद, कानामागे हळद, आणि माझ्या कीबोर्डवरच्या निम्म्या अक्षरांवर पिवळे ठसे. मी काही म्हणणार, तेवढ्यात दार उघडून दादा आत आला. लग्नाचा दिवस, घरात शंभर कामं, आणि हा सकाळी काल्हेरला. डोळे सुजलेले, अंगावर तोच कुर्ता, हातात स्टीलचा मोठा डबा. डबा त्याने माझ्या टेबलावर ठेवला, चाव्यांच्या जागी. मला वाटलं नेहमीप्रमाणे मागे सरकेल आणि दुसरा उचलेल.

पण तो तिथेच उभा राहिला. डब्याचं झाकण त्याने स्वतः उघडलं, भाकऱ्या वर काढून ठेवल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"खा. पन मी आउट न्हवतो."

धाकट्याने भाकरी मोडली. "आउट होतास," तो म्हणाला, आणि खुर्चीतच एका बाजूला सरकून दादाला बसायला जागा केली.